घड्याळाचा पगार आणि नारळाच्या वड्या

आमचे हे रोज सकाळी भाट्याच्या किनाऱ्यावर तासभर चालतात. यात तक्रार करण्यासारखं काही नाही. तक्रार आहे ती ते घरी येऊन मनगट माझ्या नाकासमोर धरतात त्याची. घड्याळावर ४२० कॅलरी आलेल्या असतात, त्या जणू आजचा पगार, आणि तो रोख हवा असतो. रोख म्हणजे सासूबाईंनी केलेल्या तीन नारळाच्या वड्या आणि दोन चमचे साखरेचा चहा.

वजन मात्र जागचं हलेना. मग दोष पाण्याला, हवेला आणि माझ्या हातच्या सोलकढीला. मी एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. घरातला खतावणीतला घोळ मला झोपू देत नाही, म्हणून एका रविवारी वजनकाटा काढून बसले.

एका वडीत २० ग्रॅम ओलं खोबरं आणि २० ग्रॅम साखर. खोबऱ्याच्या ७०, साखरेच्या ८०, म्हणजे १५० कॅलरी. तीन वड्यांच्या ४५०, चहाच्या साधारण ७०. एकूण ५२०. म्हणजे घड्याळाने पगार दिला ४२०, ह्यांनी उचलले ५२०.

"शंभरच तर जास्त!" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण खरी गडबड पुढेच होती.

मोबाईलमधल्या अॅपात स्वतःची माहिती भरताना ह्यांनी 'हलका व्यायाम' निवडलं होतं. वजन ८० किलो, उंची १७० सेंटीमीटर, वय ४५, त्यावरून रोजची गरज आली साधारण २,२५०. त्यातून ५०० वजा करून खायचे १,७५०. आता 'बैठं काम' निवडलं असतं तर हीच गरज १,९७० च्या आसपास आली असती. मधला २८० चा फरक म्हणजेच ह्यांचं चालणं! ते आधीच जमा धरलं होतं, आणि घड्याळ दाखवून त्याचेच पैसे पुन्हा मागितले जात होते. दुबार नोंद. १,७५० मध्ये ५२० मिळवले की २,२७०. गरज २,२५०. वजन हलणार कुठून?

बरं, घड्याळाचे ४२० तरी खरे का? सपाट जागी बऱ्यापैकी वेगाने चालताना किलोमागे तासाला साडेतीन कॅलरी लागतात. ह्यांचे होतात २८०. त्यातल्या ८० तर हे सोप्यावर लोळत पेपर वाचत बसले असते तरी खर्च झाल्याच असत्या. चालण्याच्या म्हणून वरच्या उरतात २००. आमच्याकडच्या दमट हवेत नाडी उगीचच जोरात पळते, आणि नाडी मोजणाऱ्या घड्याळाला वाटतं केवढे हे कष्ट. सदरा पिळून काढावा इतका घाम येतो खरा, पण ते पाणी, चरबी नव्हे. मऊ वाळूत खरोखरच बरीच जास्त ताकद लागते. पण हे चालतात ओहोटीच्या ओल्या, घट्ट पट्ट्यावरून. चपला हातात घेऊन.

तहाचा मसुदा मीच लिहिला. आधार 'बैठं काम' धरायचा, १,९७०. त्यातून ४०० वजा, म्हणजे खायचे १,५७०. चाललात त्या दिवशी वरच्या २०० पैकी निम्म्या, म्हणजे १०० परत. निम्म्याच का? कारण ताटातला भात डोळ्यांनी मोजताना नेहमी कमी दिसतो, आणि चालून आलेला माणूस उरलेला दिवस झोपाळ्यावर काढतो. (वाण्याकडे जायलाही मग स्कूटर लागते.)

न चाललेल्या दिवशी काही नाही. 'उद्या दुप्पट चालेन' या बोलीवर उधारी नाही.

आता हे १०० तरी बरोबर आहेत का, ते काटा सांगतो, पण एका सकाळचा नव्हे. रात्री सुकटीची चटणी झाली की सकाळी काटा किलोभर वर जातो, ते मिठाने धरून ठेवलेलं पाणी. म्हणून रोज उठल्यावर वजन लिहायचं, आठवड्याची सरासरी काढायची आणि चार आठवड्यांनी तुलना करायची. वजा केलेल्या ४०० आणि चालण्याच्या परत न दिलेल्या १०० मिळून रोज ५०० ची तूट असेल तर आठवड्याला साधारण ४५० ग्रॅम उतरायला हवं. ह्यांचं ३५० ने उतरलं. १०० ग्रॅम कमी. किलोला ७,७०० कॅलरी धरल्या तर त्या झाल्या ७७०, सात दिवसांत वाटून रोजच्या ११०. म्हणजे परतावा पूर्ण बंद. उलट ५५० ने उतरलं असतं तर मी आपणहून आणखी शंभर दिले असते.

याला अपवाद आहेच. गावी शेतात दिवसभर लावणीला वाकलेल्या माणसाला हा हिशेब लावला तर तो बांधावरच आडवा होईल. त्याने पोटभर जेवावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही कापू नये.

परतावा बंद म्हटल्यावर हे सासूबाईंकडे अपिलात गेले. त्यांनी निकाल दिला, वडी एकच, पण ती जेवणाच्या १,५७० मधली, भाताची एक मूद कमी करून. ह्यांनी निमूट मान्य केलं आणि दुसऱ्या दिवसापासून सासूबाईंच्या वड्या आकाराने वाढल्या. वजनकाटा मी आता डब्याशेजारीच ठेवते.