कड पिवळी म्हणजे पोटॅश? आधी पान कुठलं ते सांगा

"पानाची कड पिवळी किंवा करपलेली म्हणजे पोटॅश कमी. शिरांच्या मधला भाग पिवळा म्हणजे मॅग्नेशियम कमी. कोवळं पान वाकडं म्हणजे कॅल्शियम कमी. फोटो टाका, खत ठरवा. माती आणि देठ तपासायला पैसे घालवू नका."

अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या बागायतदारांत हा मेसेज फिरतोय. मला याची काळजी वाटते, कारण यातला थोडा भाग खरा आहे आणि त्याच भरवशावर माणूस चुकीचं खत सोडतो.

पहिला घोळ पानाच्या जागेचा. पोटॅश आणि मॅग्नेशियम झाडात फिरतात. टंचाई आली की झाड ती जुन्या पानांतून काढून कोवळ्या पानांना देतं, म्हणून खूण आधी खालच्या पानांवर उमटते. कॅल्शियम एकदा पानात बसलं की हलत नाही, त्याची खूण शेंड्यावर दिसते. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असं पान शेंड्याकडे असेल, तर चुनखडीच्या काळ्या जमिनीत आधी लोहाचा संशय घ्यावा, मॅग्नेशियमचा नव्हे. तळहातावर ठेवलेल्या एकट्या पानाच्या फोटोत हे कळणारच नाही.

करपलेल्या कडेचंही तसंच. पोटॅशच्या टंचाईत कड आधी फिकी पडते, मग तपकिरी होते, पान कडेने वळतं. पण बोअरचं पाणी खारट असेल किंवा पाण्याचा ताण बसला असेल, तरी कडच जळते. क्षारांमुळे बऱ्याचदा मधला पिवळा टप्पा फारसा न दिसता कड सरळ वाळते. नुसत्या डोळ्यांनी हा फरक दर वेळी धरता येत नाही, म्हणून पोटॅश वाढवण्याआधी पाण्याचा ईसी आणि क्लोराइड तपासून घ्यावं. खारट पाण्यावर आणखी खत सोडलं तर मुळांभोवतीचे क्षार वाढतात आणि कड जास्तच जळते.

आता मॅग्नेशियम. इथे मी स्वतः पाहिलेलं सांगतो. अथणीकडे माझ्या मावसभावाची एक एकर द्राक्षबाग आहे. मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला घडाजवळची जुनी पानं पिवळी पडू लागली. पिवळेपणा कडेपासून सुरू होऊन मुख्य शिरांच्या मधून आत पाचरीसारखा शिरला होता. शिरा आणि त्यांच्या लगतची पट्टी मात्र हिरवीगार. त्याने फोटो टाकला. कड पिवळी दिसली म्हणून सगळ्यांनी पोटॅश सांगितलं. तीन आठवडे ठिबकातून ०:०:५० गेलं, दर आठवड्याला पाच किलो. पिवळेपणा आणखी दोन-तीन पानं वर चढला.

कारण मुळापाशीच होतं. पोटॅश, मॅग्नेशियम आणि कॅल्शियम हे तिन्ही धनभारित आहेत आणि मुळात शिरताना एकमेकांना अडवतात. त्यात पोटॅश सर्वांत सहज शिरतं. जमिनीत मॅग्नेशियम असूनही जादा पोटॅशमुळे ते वेलीला कमी मिळतं.

मी म्हटलं, "दादा, सगळ्या बागेत काही करू नको. पोटॅश थांबव आणि दहा वेली निवड." त्या दहा वेलींवर लिटरला ५ ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, घड टाळून पानांवर, आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारलं. शेजारच्या दहा वेली तशाच ठेवल्या. दोन आठवड्यांनी फवारलेल्या वेलींची फिकट पानं बरीचशी हिरवी झाली, शेजारच्या वेलींवर पिवळेपणा तसाच होता. वाळलेला भाग अर्थातच परत आला नाही, तो कधीच येत नाही. नंतर देठांचा अहवाल आला: पोटॅश भरपूर, मॅग्नेशियम कमी.

हीच फवारणी करताना टाकीत कॅल्शियम नायट्रेट मिसळू नका. पांढरा साका बसतो, तो जिप्सम असतो, आणि नोझल तुंबतात.

कॅल्शियमचं थोडक्यात: ते पाण्याच्या प्रवाहाबरोबर वर जातं. चुनखडीच्या जमिनीत ते कमी नसतं, तरी टोमॅटोचं बूड काळं पडतं, कारण पाणी कधी तुटतं, कधी भरमसाट होतं. तिथे आधी पाण्याच्या पाळ्या सारख्या कराव्यात. खानापूरकडच्या तांबड्या, जास्त पावसाच्या आम्लधर्मी जमिनीत मात्र खरी टंचाई असू शकते, तिथे मातीचा सामू बघावा.

फोटो काढायचाच तर तीन काढा: अख्खी वेल, खालची आणि वरची पानं शेजारी शेजारी, आणि एका निरोगी पानासोबत आजारी पान. संध्याकाळच्या उन्हात सगळंच पिवळं दिसतं, म्हणून सावलीत काढा. आणि देठ तपासायला देताना आजारी वेलींचे आणि निरोगी वेलींचे देठ वेगवेगळ्या पिशव्यांत, एकाच जागेच्या पानांचे द्या.