जड दागिना जागेवर राहतो, हे खरं नाही

भरतनाट्यमच्या दागिन्यांबद्दल एक मत असं: "नर्तकीने इमिटेशन घेऊच नये. अस्सल टेम्पल सेट चांदीवर सोन्याचा असतो, तो जड असतो आणि म्हणूनच नाचताना हलत नाही. हलक्या सेटने खाज येते आणि दोन तासांत खडे पडतात."

चांदी-सोन्यापुरतं बोलायचं तर, चांदीच्या पायावर लाल-हिरवे केंप खडे आणि वर सोन्याचा वर्ख ही नागरकोईलजवळच्या वडसेरीची जुनी पद्धत आहे. तिला भौगोलिक मानांकनही आहे. पण त्यावरून वजनाची परीक्षा करता येत नाही. चांदी पितळेपेक्षा घन हे खरं. तरी चांदीचं काम पातळ पत्र्याचं, आतून पोकळ असू शकतं आणि पितळेचा कंबरपट्टा जाड ओतीव. तराजूवर पितळ भारी भरलं तर ते अस्सल झालं का? वजन सांगतं ते पत्र्याची जाडी आणि घडण, धातू नव्हे.

खरी गफलत "हलत नाही" या शब्दांत आहे. दागिना जागेवर राहतो तो बांधणीमुळे. वजन त्याच्या विरुद्धच काम करतं. तुम्ही गिरकी घेऊन थांबता तेव्हा मांगामालै ही गळ्यातली लांब माळ पुढेच जात राहते, आणि जितकी जड तितका तिला आवरायला जोर लागतो. म्हणून ती खांद्यावर आणि छातीपाशी पोशाखाला टाचतात.

कानाचं उदाहरण घेऊ. समजा एक झुमका ३५ ग्रॅमचा आहे. उभं राहिल्यावर पाळीवर तेवढाच भार. पण कुदित्तमेट्टु अडवूत, म्हणजे उडीच्या पदन्यासात, चवड्यावर उडी आणि लगेच टाचेचा आघात येतो. शरीर झटक्यात थांबतं आणि त्या क्षणी झुमका पाळीला स्वतःच्या वजनाच्या दुपटी-तिपटीने खाली ओढू शकतो. म्हणजे ७० ते १०५ ग्रॅमचा हिसका, तोही एकदा नाही. एकटं वर्णम, म्हणजे कार्यक्रमातली सगळ्यांत मोठी रचना, अर्धा-पाऊण तास चालतं आणि त्यात असे आघात शेकड्यांनी येतात. हिसका लागतो छिद्राच्या खालच्या कडेला, म्हणून वर्षानुवर्षांनी छिद्र लांबट होत जातं. पाळी ओघळते ती अशी.

यावरचा उपाय परंपरेतच आहे: मट्टल, म्हणजे आपली कानसाखळी. ती झुमक्याचा भार वर केसांत नेते. पण ती नुसती शोभेला सैल लटकवली तर काही उपयोग नाही. झुमका बोटाने किंचित उचलून धरा आणि त्याच स्थितीत साखळी केसांत पिनेने अडकवा. बोट काढल्यावर साखळी ताठ दिसली पाहिजे. तिला बाक आला असेल तर भार अजून पाळीवरच आहे. (आरशात पुढून हे दिसत नाही, बाजूने पाहावं लागतं.)

डोक्याचंही तसंच. नेत्तिचुट्टी, सूर्य-चंद्र, राक्कोडी हे सगळं स्वतःच्या केसांवरच पेललं की वर्णमनंतरची पदम ही रचना येईपर्यंत कपाळ ठणकू लागतं. हलके तुकडे घ्या. मागचं जडनागम, म्हणजे वेणीवरचा दागिना, स्वतःच्या बटांना न अडकवता गंगावनावर शिवून ठेवा, आणि ते गंगावन घट्ट, पक्क्या वेणीला बांधा.

आता खाज. तिचा वजनाशी काही संबंध नाही, बऱ्याचदा दोषी असतं निकेल. मुलाम्याखाली निकेलचा थर दिलेला असेल तर वरचं सोनेरी पाणी घासून गेल्यावर घामात ते विरघळतं. पुरळ उठतं ते कानाच्या हुकापाशी, मानेमागे, कमरेवर, आणि बहुधा एक-दोन दिवसांनी. त्यामुळे कार्यक्रमाच्या रात्री सगळं ठीक वाटतं. त्वचेवर नुसता हिरवा डाग पडला तर ते तांबं, धुतल्यावर जातं. निकेल ओळखायला डायमिथाइलग्लायॉक्झाइमच्या द्रावणाचा कापसाचा बोळा फिरवतात. गुलाबी झाला तर निकेल आहे. अशा झुमक्याची फक्त कानात जाणारी तार बदलून शुद्ध टायटॅनियमची करून घेतली तरी कानाचा बराचसा त्रास टळतो. कंबरपट्ट्याला आतून सुती अस्तर लावा.

खडे पडतात ते गोंदाने चिकटवलेले असतात म्हणून. नखाने हलकेच ढकलून पाहा: धातूची कड खड्यावर वळवलेली असेल तर तो जागचा हलत नाही. चांदीच्या बंद घडणीलाही मर्यादा आहे. खड्यामागच्या वर्खापर्यंत ओल गेली की खडा काळपट दिसतो, म्हणून ती पाण्यात धुवायची नाही.

पैसे मोजकेच असतील तर ते झुमके आणि गळ्यालगतच्या अड्डिगैवर घाला, कारण ते थेट त्वचेवर येतात. बाकी सेट हलका इमिटेशन चालेल. घेण्याआधी दागिने उलटे करून मागच्या कडांवरून बोट फिरवा, आणि ओड्डियाणम, म्हणजे कंबरपट्टा, बांधून मुळुमंडीत, म्हणजे गुडघे वाकवून पूर्ण खाली, बसून बघा. खालची कड पोटात रुतली तर तो चांदीचा असला तरी परत द्या.