एकोणीसशे चौऱ्याण्णवच्या पुढे न जाणारे मुख्याध्यापक

आमच्या मुख्याध्यापकांच्या सेवानिवृत्तीनिमित्त त्यांच्या आयुष्याची छायाचित्रे पडद्यावर दाखवण्याचे ठरले आणि प्रोजेक्टर चालवण्याची जबाबदारी, मी विज्ञान शिकवतो एवढ्याच कारणावरून, माझ्याकडे आली. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातले जळगाव जिल्ह्यातले ऊन ज्यांनी अंगावर घेतले आहे त्यांना सभागृहातील हवेचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. बाहेर 44 अंश होते, आत पत्र्याखाली किती होते हे मोजण्याचे धाडस कोणी केले नाही.

पहिल्या तालमीत सरांचे बालपण, बी.एड., लग्न असे सगळे सुरळीत पार पडले. मग 1994 मधले, स्कूटरवर बसलेले छायाचित्र आले, पंखा अचानक विमानासारखा घोंघावू लागला आणि पडदा काळा झाला. यंत्रावर थर्मामीटरचे चिन्ह असलेला एक दिवा लाल होऊन उघडझाप करत होता. शिपाईदादांनी दारातून डोकावून ‘काय व्हयनं सर?’ असे विचारले आणि मी, उत्तर ठाऊक असल्याच्या थाटात, यंत्र पुन्हा सुरू केले.

दुसऱ्या खेपेला सरांचे लग्नसुद्धा लागले नाही. तिसऱ्या खेपेला बी.एड.चा निकाल लागण्याआधीच अंधार झाला. मी प्रत्येक वेळी घड्याळ पाहिले होते: पहिल्यांदा आठ मिनिटे, मग पाच, मग तीन. बिघाडाची अर्धी कथा या तीन आकड्यांतच होती. चित्र पाडणारा आतला दिवा पेटतच नसता, तर यंत्र पहिल्या मिनिटभरातच हार मानून बंद पडले असते. दरवेळी थोडा वेळ चालून, पंखा वाढवून, मग बंद पडणे, आणि लगेच सुरू केल्यास आणखी लवकर बंद पडणे, हे उष्णतेचे लक्षण आहे, कारण आधीची उष्णता आत साठलेलीच असते. मी दर खेपेस घाई करून त्या साठ्यात भर घालत होतो.

उपाय सुचवणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नसते. गणिताच्या सरांनी कूलर आणून थेट प्रोजेक्टरच्या तोंडासमोर लावला. त्यामुळे यंत्र अकरा मिनिटे चालले, हे खरे, पण गरम हवा बाहेर टाकणाऱ्या जाळीसमोरच समोरून वारा मारण्याचा आणि त्यातून बारीक पाण्याचे तुषार यंत्रात पाठवण्याचा हा प्रकार मला पसंत नव्हता. (त्या तुषारांमुळे पडद्यावरचे सर किंचित ओलसर दिसू लागले, असे गणिताच्या सरांचे मत होते.)

खरे कारण पाहण्यासाठी मी खाली वाकलो. समारंभाला शोभा यावी म्हणून प्रोजेक्टर मखमली टेबलक्लॉथवर ठेवला होता. या यंत्राची हवा आत घेण्याची एक जाळी बुडाशी आहे. पंखा सुरू झाला की मखमल त्या जाळीला चिकटून ओढली जात होती, म्हणजे आम्ही प्रोजेक्टरच्या नाकावर शाल पांघरून त्याच्याकडून सत्काराची अपेक्षा करत होतो. पुढच्या जाळीला हारांचे टोपले लावून बाहेर पडणारी गरम हवाही अडवली होती. दोन्ही बाजू मोकळ्या केल्या, तरी दहा-बारा मिनिटांच्या पुढे मजल जाईना.

मग बाजूचे झाकण काढून हवेची गाळणी बाहेर घेतली. आमच्या शाळेला लागून जिनिंग आहे. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथून कापसाची रुई उडत राहते आणि फळ्यापासून डब्यातल्या पोळीपर्यंत सगळीकडे बसते. ती रुई गाळणीवर थरावर थर बसून, खडूच्या भुकटीसह दाबली जाऊन, तिचे अक्षरशः नमद्यासारखे जाड कापड झाले होते. मी ते एका कोपऱ्यातून धरून सोलले, तेव्हा ते न फाटता, अखंड हातात आले. शिपाईदादांनी ते उजेडासमोर धरून पाहिले. पलीकडचे काही दिसत नव्हते. हवा तरी कशी जाणार?

गाळणी मऊ ब्रशने झाडली. पंख्याच्या पात्यांवरची धूळ काढताना पाते काडीने धरून ठेवले, कारण जोराच्या हवेने पंखा भलत्याच वेगाने फिरून त्याचा बेअरिंग खराब होऊ शकतो. मग यंत्र लाकडी फळीवर ठेवून सुरू केले. सरांनी 1994 ओलांडले, मुख्याध्यापक झाले, दोन वेळा रंग बदललेल्या शाळेसमोर उभे राहिले. पस्तीस मिनिटे निर्विघ्न गेली. मी घाम पुसला.

समारंभाच्या दिवशी मात्र यंत्राने वेगळाच पवित्रा घेतला. या वेळी लाल झाला तो दिव्याच्या चिन्हाजवळचा दिवा, थर्मामीटरजवळचा नव्हे. चित्र आधीच पिवळसर आणि फिकट पडले होते, थोडे फडफडले आणि 1994 च्या स्कूटरवरच मालवले. पंखा मात्र शांत चालत होता, म्हणजे उष्णतेने ते पडलेले नव्हते. सभागृहात एक हलका हशा पिकला. सर स्वतः हसले, हे त्यांचे मोठेपण.

यंत्राच्या मेनूमध्ये दिव्याचे तास होते 1180. आमच्या यंत्राच्या पुस्तिकेत त्याचे आयुष्य 3000 तास लिहिलेले. म्हणजे दिवा तरुण असायला हवा होता. मी हिशोब मांडला. यंत्र शाळेत येऊन सहा वर्षे झाली, वर्षाला सुमारे दोनशे दिवस, दिवसाला तीन तास, म्हणजे जवळपास 3600 तास. मग 1180 कुठून आले? दोन वर्षांपूर्वी ‘दिवा बदला’ असा संदेश येऊ लागल्यावर कोणी तरी दिवा न बदलता तासांचा आकडा शून्य केला होता. हे पुण्यकर्म कोणाचे हे मला ठाऊक आहे, परंतु ते आता आमच्याच शाळेत पर्यवेक्षक आहेत.

संदेश गप्प बसला, पण दिवा म्हातारा होत राहिला. या दिव्यात पारा असतो आणि चालू असताना आतला दाब वातावरणाच्या सुमारे दोनशे पट होतो. मुदत उलटून खूप गेलेला दिवा क्वचित मोठा आवाज होऊन फुटतोही. आमचा नुसताच मालवला, हे नशीब म्हणायचे.

नवा दिवा पंधरवड्याने आला. यंत्र पूर्ण गार झाल्यावर जुन्या दिव्याचे स्क्रू सोडवले, नव्याची काच बोटांना लागू न देता चौकटीला धरून बसवला, तरी यंत्र सुरूच होईना. पर्यवेक्षकांच्या डोळ्यांत पुन्हा आकडा शून्य करण्याची चमक दिसू लागली. झाकण किंचित उचललेले होते, आणि ते नीट बसल्याशिवाय दिवा पेटूच नये अशी सोय आतल्या लहानशा बटणाने केलेली असते. ते दाबून बसवले, ‘टक’ असा आवाज झाला आणि मग, या वेळी खरोखर दिवा बदलल्यानंतर, मी आकडा शून्य केला.

जूनमध्ये सर खास बोलावणे स्वीकारून आले आणि 1994 च्या पुढे आपले सगळे आयुष्य पाहून उठले. चहा आला, तरी शिपाईदादा प्लगसमोर हात पसरून उभे होते. दिवा विझल्यावरही पंखा दीड-दोन मिनिटे फिरतो, तो आपोआप थांबल्याशिवाय कोणीही बटण बंद करायचे नाही, असे मी त्यांना बजावले होते. सर, पाहुणे आणि पर्यवेक्षक, सगळे कप हातात घेऊन पंखा थांबण्याची वाट पाहत उभे राहिले.