कढईतलं उद्गारचिन्ह

भाड्याच्या गाडीत बसलं की आधी तीन गोष्टी शोधाव्या लागतात: रिव्हर्स गिअर कुठे पडतो, पेट्रोलचं झाकण कुठून उघडतं आणि आधीचा सहा फुटी भाडेकरू सीट किती मागे ढकलून गेलाय. चौथी गोष्ट आपली आपण सापडते. काळ्या पाटीवर पिवळे अंक मिरवणारी ती गाडी चांदणी चौक ओलांडून मुळशीच्या रस्त्याला लागली, की डॅशबोर्डवर एक पिवळं चित्र उगवतं. वर उघडी, बुडाशी दातेरी अशी कढई, आणि कढईत उद्गारचिन्ह.

मागच्या सीटवर लगेच तज्ज्ञ समिती बसते. मामांच्या मते ऑइल संपलंय. मेहुण्याच्या मते सेन्सरच खराब असणार, "हल्ली सगळ्याच गाड्यांत तसं असतं." मावशींचा आग्रह असा की गाडी बंद करून पुन्हा चालू करावी, मग जातं. माझं म्हणणं एवढंच, की समितीचा अहवाल येईपर्यंत दिव्याचा रंग बघून घ्यावा.

लाल असेल तर सुरक्षित जागा बघून गाडी बाजूला घ्यायची आणि चर्चा तिथे करायची. पिवळा असेल तर वेग उतरवून, स्टिअरिंगला हिसके न देता, पहिल्या सोयीच्या जागेपर्यंत जाता येतं. हिरवा आणि निळा दिवा बहुतेक वेळा काहीतरी चालू आहे एवढंच सांगतो. निळा तर बहुधा हाय बीमचा असतो, म्हणजे समोरचा जो मघापासून डिपर मारतोय तो तुमच्याच नावाने. पिवळ्याला एक अपवाद आहे: इंजिनाचं पिवळं चित्र लुकलुकायला लागलं तर पाय एक्सलरेटरवरून काढायचा. सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसतं आणि न जळलेलं इंधन पुढे जाऊन सायलेन्सरच्या मार्गातला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर भाजून काढतं. ते बिल डिपॉझिटात मावत नाही.

रंगानंतर आकार. इथे खरा घोळ होतो, कारण उद्गारचिन्ह ही एकट्या चित्राची मिरास नाही. लाल वर्तुळात उद्गारचिन्ह आणि दोन्ही बाजूंना कंस, तो ब्रेकचा दिवा. आधी हँडब्रेक पूर्ण खाली गेलाय का बघायचं. गेला असूनही दिवा राहिला तर ब्रेक ऑइल कमी असू शकतं, आणि मग गाडी पुढे न्यायची नाही. स्टिअरिंगच्या चाकाशेजारी उद्गारचिन्ह म्हणजे पॉवर स्टिअरिंग. नुसत्या पिवळ्या त्रिकोणात असेल तर "काहीतरी आहे, स्क्रीनवरचा मजकूर वाच." आपल्या कढईला मात्र कंस नाहीत, वर्तुळ पूर्ण नाही आणि तळाला दाते आहेत. तो आडवा कापलेला टायर आहे: दोन बाजू फुगलेल्या, खाली रस्त्याला टेकलेली नक्षी. टायरमधली हवा कमी झाली, एवढाच निरोप.

खात्री करायची तर मॅन्युअल. ते ग्लोव्हबॉक्समध्ये असतं असं मॅन्युअलमध्येच लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात तिथे पीयूसीची जुनी कागदं, कोरडं सॅनिटायझर आणि कुणाचा तरी एकच कानातला डूल सापडतो. मग गाडी उभी करून कंपनीच्या साईटवरून पीडीएफ उतरवायची. मॉडेलबरोबर वर्षही जुळवायचं. ज्या चित्राचं नावच माहीत नाही ते शोधपेटीत टाईप करता येत नाही, म्हणून मीटर आणि इशाऱ्याच्या दिव्यांचं प्रकरण काढून चित्राला चित्र लावायचं. नावाजवळची चांदणीही वाचायची. मॅन्युअल सगळ्या व्हेरियंटचं मिळून एकच असतं, आणि चांदणी म्हणते: "तुमच्या गाडीत असेल तर."

त्या पानावर एक बारीक ओळ असते, ती सगळ्यात कामाची. अनेक गाड्यांत दिवा सलग लागून राहिला तर हवा कमी असते. चालू केल्यावर मिनिटभर लुकलुकून मग स्थिर झाला तर यंत्रणेतच बिघाड असतो. म्हणजे मेहुणा बरोबर निघण्याची शक्यता आहे, पण ती मिनिटभर बघून ठरवायची.

आता हवेच्या दाबाचा आकडा. तो टायरवर शोधायचा नाही. टायरच्या बाजूला कोरलेला 44 किंवा 51 हा त्या टायरची कमाल मर्यादा आहे, गाडीची गरज नव्हे. गरज लिहिलेला स्टिकर बहुधा ड्रायव्हरचं दार उघडल्यावर खांबावर दिसतो. समजा तिथे चारही चाकांना 33 आहे. हा आकडा थंड टायरचा, म्हणजे गाडी तीनेक तास उभी असतानाचा. पळून तापलेला टायर तीन-चार पीएसआय जास्त दाखवतो. म्हणून गरम टायरमध्ये 36 दिसले म्हणून हवा सोडायची नाही, आणि गरम असताना बरोबर 33 भरून खूशही व्हायचं नाही. डिसेंबरच्या पहाटे पुण्यात पारा दहाच्या आसपास आला, की तोच टायर 28 च्या खाली दिसू शकतो.

पेट्रोल पंपावरचा पोरगा "किती?" विचारतो आणि उत्तराआधीच 35 लावतो. त्याला आधी नुसती मोजायला सांगा. चारही चाकं सारखीच उतरलेली, समजा 27, 28, 27, 28, तर हा थंडीचा आणि दुर्लक्षाचा मामला. पण तीन चाकं 33 आणि मागचं डावं 25 निघालं, तर त्यात खिळा शोधायचा. हवा भरून व्हॉल्व्हवर आणि नक्षीवर साबणाचं पाणी ओतायचं. बुडबुडे जिथे येतील तिथे गळती. खिळा दिसला तर तिथेच उपटायचा नाही, आहे तो बूच म्हणून काम करतोय. पंक्चरवाला नक्षीतलं भोक बुजवू शकतो. बाजूच्या भिंतीत भोक असेल तर टायर गेला, आणि फोन गाडीच्या मालकाला. फोटो मात्र खिळ्यासकट काढून ठेवायचा.

हवा भरली तरी दिवा जात नाही, तेव्हा मावशी पुन्हा सरसावतात. काही गाड्यांत प्रत्येक चाकात सेन्सर असतो. तिथे थोडं अंतर चालवल्यावर दिवा आपणहून विझतो. स्वस्त पद्धतीत सेन्सर नसतातच. एबीएस चाकांचे फेरे मोजतं, आणि हवा कमी झालेलं चाक व्यासाने किंचित लहान झाल्यामुळे बाकीच्यांपेक्षा जास्त फिरतं, त्यावरून गाडी अंदाज बांधते. चारही चाकं सारखीच बसली तर ही पद्धत चकते. शिवाय हिला हवा भरल्यावर मेनूतून किंवा बटणाने "आता हेच बरोबर" असं सांगावं लागतं.

हेच बटण भाड्याच्या गाडीत संशयाने बघावं. हवा न भरता ते दाबलं तरी दिवा विझतो, आणि गाडी 25 लाच आदर्श मानून बसते. आधीच्या भाडेकरूला मुळशीला पोचायची घाई असेल, तर त्याने काय केलं असेल हे डॅशबोर्ड सांगणार नाही. म्हणून गाडी ताब्यात घेताना, दिवा नसला तरी, चारही चाकं आणि स्टेपनी मोजून घ्यावी. स्टेपनीत हवा असते ही अफवाच समजा. ती लावायची वेळ आलीच तर तिच्यावरचा 80 चा स्टिकर म्हणजे ताशी 80 ची वेगमर्यादा, आणि तिच्यात सेन्सर नसेल तर कढई लुकलुकत पुन्हा हजर.