बाळंतपणाचा हिशोब हॉस्पिटलच्या बिलापासून सुरू करू नका

आमच्या नात्यात, ओळखीत कुणी "आता बाळाचा विचार करतोय" म्हणालं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, अमुक हॉस्पिटलमध्ये सिझेरियनचे किती घेतात? मी एका कारखान्यात पगारपत्रकाचं आणि ग्रुप इन्शुरन्सचं काम बघते. त्यामुळे माझ्याकडे हा प्रश्न जरा जास्तच येतो. इतकी वर्षं हे काम बघून माझं मत पक्कं झालंय की बिल हा या सगळ्यातला सोपा भाग आहे. ते किती येणार याचा अंदाज आधी मिळतो, आणि ते एकदाच भरायचं असतं. घराची घडी विस्कटते ती त्यानंतरच्या पाच-सहा महिन्यांत, एक पगार बंद असताना.

माझ्या मावसबहिणीचं उदाहरण तिला विचारूनच सांगते. ती नाशिकला राहते. डिझायनिंगचं काम घरून करते, महिन्याला साधारण 32,000 मिळतात. नवरा सातपूरला नोकरीला, हातात 46,000. घराचा हप्ता 17,500, घरखर्च 28,000, सासऱ्यांची औषधं आणि किरकोळ 6,000. म्हणजे 78,000 आले, 51,500 गेले, 26,500 उरले. दोघंही काटकसरी, उधळपट्टी अजिबात नाही. "ताई, यांच्या कंपनीचा इन्शुरन्स आहे ना, मग काय काळजी?" असं ती म्हणाली. मी म्हटलं, आधी तुझ्या पगाराचं बोलू.

कायद्याने नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा मिळते. 1961 च्या कायद्यात 2017 साली दुरुस्ती झाली तेव्हापासून. त्यातले जास्तीत जास्त 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. अट एवढीच की अपेक्षित तारखेच्या आधीच्या 12 महिन्यांत त्या मालकाकडे निदान 80 दिवस काम झालेलं हवं. पण हे सगळं नोकर असलेल्या बाईसाठी. माझी बहीण एकाच कंपनीसाठी तीन वर्षं काम करते, रोज सकाळी त्यांच्या मीटिंगला हजर असते, सुट्टीही विचारून घेते. तिला वाटत होतं आपण नोकरीतच आहोत. मी म्हटलं, बँकेचं स्टेटमेंट आणि टीडीएसचा कागद काढ. पगारपत्रक नाही, पीएफ नाही, दर महिन्याला ती बिल पाठवते आणि प्रोफेशनल फी म्हणून 10 टक्के टीडीएस कापून पैसे येतात. कागदावर ती कन्सल्टंट आहे. कंपनी या रजेचा एक रुपया देणार नाही. हा एक कागद बघायला पाच मिनिटं लागतात, आणि तो सातव्या महिन्यात न बघता आधी बघावा असं मी प्रत्येकीला कळकळीने सांगते.

मग आम्ही वही घेऊन बसलो. तिचं काम पूर्ण बंद राहील असे सहा महिने धरले. नवऱ्याचे 46,000 आणि खर्च 51,500, म्हणजे इथेच 5,500 कमी. त्यात बाळाचा खर्च, मालिशवाली बाई, डायपर, खाजगी डॉक्टरकडच्या लशी मिळून महिन्याला 9,000. दरमहा 14,500 ची तूट, सहा महिन्यांची 87,000. सातव्या महिन्यापासून ती अर्धं काम घेईल, 16,000 येतील, तेव्हा कसंबसं जमेल. बाळंतपणाच्या आधीचे दोन महिनेही अर्धंच काम धरलं, त्यातून उरेल ते दर आठवड्याच्या तपासण्यांत जाईल. हे 87,000 कुठल्याही हॉस्पिटलच्या कोटेशनमध्ये नसतात, कुठला इन्शुरन्सही ते देत नाही.

आता इन्शुरन्स. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये बाळंतपणाचा खर्च मुळात वगळलेलाच असतो. पॉलिसीच्या कागदात `Excl18` असं लिहिलेला मुद्दा शोधा, तो हाच. गर्भाशयाबाहेर गर्भ राहिला तर त्या उपचाराला या वगळणुकीतून सूट आहे, बाकी नॉर्मल काय, सिझेरियन काय, काही मिळत नाही. मॅटर्निटी कव्हर वेगळं जोडावं लागतं आणि त्याला थांबण्याचा काळ असतो. पॉलिसीप्रमाणे नऊ महिन्यांपासून चार वर्षांपर्यंत. दिवस गेल्यावर घेऊन त्या बाळंतपणाला उपयोग होत नाही. आणि मध्ये हप्ता चुकून पॉलिसी तुटली तर पुन्हा पहिल्यापासून मोजायचं.

बहिणीला एका एजंटाने दोन वर्षं थांबण्याची पॉलिसी सुचवली होती. मॅटर्निटीसाठी वर्षाला 14,000 जास्तीचे, आणि बाळंतपणाला मिळणार 50,000 पर्यंत. ऐकायला बरं वाटतं. पण दोन वर्षं पूर्ण झाल्यावरच दावा करता येणार, म्हणजे तोवर तिसऱ्या वर्षाचा हप्ताही भरलेला असणार. 42,000 भरून 50,000 मिळवायचे, तेही त्या मुदतीत दिवस गेले आणि सगळं सुरळीत झालं तर. निव्वळ बाळंतपणाच्या बिलासाठी ही पॉलिसी घ्यावी असं मला अजिबात वाटत नाही. माझ्या दृष्टीने तिचा खरा उपयोग बाळासाठी आहे, आणि त्याबद्दल एजंट फारसं बोलत नाहीत.

नवजात बाळाला एनआयसीयूत ठेवावं लागलं तर दिवसाला हजारोंनी बिल चढतं. त्यांना मिळालेला अंदाज दिवसाला 10,000 चा होता, औषधं वेगळी. आणि सिझेरियनच्या पॅकेजमध्ये हे कधीच धरलेलं नसतं, कारण बाळ हा वेगळा पेशंट. मॅटर्निटी कव्हर नसलेल्या बऱ्याच पॉलिसीत बाळाला तीन महिने पूर्ण झाल्यावरच घेतात, म्हणजे सगळ्यात धोक्याचे दिवस उघडे. म्हणून ग्रुप पॉलिसी असो की स्वतःची, एक प्रश्न लेखी विचारा: बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे का, आणि असेल तर त्याचा खर्च मॅटर्निटीच्या मर्यादेतच धरणार की पूर्ण विम्याच्या रकमेतून देणार? या दोन उत्तरांमध्ये जमीन-अस्मानाचा फरक आहे. मर्यादेतच धरणार असतील तर सिझेरियनमध्येच ती संपलेली असते, बाळासाठी शून्य उरतं. बहिणीच्या नवऱ्याच्या कंपनीकडून उत्तर आलं की पूर्ण 3 लाखांतून देणार. तेव्हा तिच्या आईच्या जिवात जीव आला.

ग्रुप पॉलिसीत सहसा थांबण्याचा काळ माफ असतो, पण तिथे वेगळीच अडचण येते. लग्न झाल्यावर बायकोचं नाव ठरलेल्या मुदतीत कळवावं लागतं. आमच्याकडे ही मुदत 30 दिवसांची आहे. ती गेली तर पुढच्या नूतनीकरणापर्यंत नाव घालता येत नाही. पेढे घेऊन येणाऱ्या मुलाला मी आधी यादीत बायकोचं नाव दाखवायला लावते, आणि कधीकधी ते नसतंच. नोकरी बदलणार असाल तर नव्या ठिकाणी नऊ महिन्यांची अट माफ आहे का, हे ऑफर स्वीकारण्याआधी विचारा.

आता बिलाकडे येऊ. त्यांनी सेमी-प्रायव्हेट खोलीचा अंदाज घेतला, नॉर्मलला 65,000, सिझेरियनला 1,10,000. हिशोब नेहमी सिझेरियनचाच करावा. पॅकेजबाहेर बालरोगतज्ज्ञ, जास्तीची औषधं, किरकोळ सामान याचे 15,000 धरले. एकूण 1,25,000, कंपनीची मर्यादा 60,000, खिशातून 65,000. बाळासाठी लागलीच तर अनामत भरायला म्हणून 50,000 वेगळे. तुटीचे 87,000, बिलाचे 65,000 आणि हे 50,000, झाले 2,02,000.

दिवस गेल्याचं कळल्यापासून सातवा संपेपर्यंत पूर्ण कमाईचे साधारण साडेपाच महिने मिळतात. दरमहा 26,500 प्रमाणे 1,45,000 च्या आसपास. त्यातून तपासण्या, सोनोग्राफी, गोळ्या यांचे 35,000 गेले की हातात 1,10,000. म्हणजे 92,000 कमी पडतात, साडेतीन महिन्यांची बचत. यातून निघालेलं उत्तर मला फार मोलाचं वाटतं: बाळाचा प्रयत्न सुरू करण्याआधी चार महिने त्यांनी पैसे बाजूला टाकायला सुरुवात करायची. दोन वर्षं थांबायची गरज नाही, आणि कळल्यावर धावाधाव करूनही जमणार नाही. तुमचे आकडे वेगळे असतील, पण मांडणी हीच ठेवा.

त्यांच्या बाबतीत एक गोष्ट उशिरा समोर आली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, आणि माहेर भुसावळला. तिथलं मावशीच्या ओळखीचं हॉस्पिटल इन्शुरन्सच्या कॅशलेस यादीत नाही. मग अख्खं बिल आधी आपण भरायचं, कागद पाठवायचे आणि परताव्याची वाट बघायची. म्हणजे कंपनी देणार ते 60,000 पण आधी हातात हवेत. तुटीसाठी ठेवलेले 87,000 सहा महिन्यांत थोडेथोडे लागणार असल्यामुळे त्यातून ही सोय होते. म्हणूनच हा पैसा एसआयपीत किंवा भिशीत नको, केव्हाही मोडता येईल अशा एफडीत हवा. हॉस्पिटलचा नोंदणी क्रमांक बिलावर असेल, तपशीलवार बिल आणि डिस्चार्ज कार्ड मिळेल, हे आधीच विचारून ठेवा. नसेल तर दावा अडतो. आणि हे सगळं मुलीच्या आईवडिलांवर टाकायची आपल्याकडची रीत मला पटत नाही. मावशी-काकांनी डोहाळजेवण करावं, डिंकाचे लाडू करावेत, हौसेने बारसं करावं. हॉस्पिटलचं बिल मात्र नवरा-बायकोच्या हिशोबात असावं. निवृत्त माणसाने त्यासाठी एफडी मोडणं मी फार जवळून पाहिलंय.

सरकारी हॉस्पिटलचा पर्यायही मोकळ्या मनाने बघा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली 2011 पासून तिथे नॉर्मल आणि सिझेरियन दोन्ही मोफत आहेत, औषधं, रक्त, जेवण, नेण्या-आणण्याची सोय धरून. आजारी नवजात बाळांसाठी जिल्हा रुग्णालयांत एसएनसीयू असतं. खाजगीत जाणार असलात तरी जवळचं एसएनसीयू कुठे आहे, तिथला फोन काय, हे आधी माहीत करून घ्या. बिल आवाक्याबाहेर जायला लागलं आणि डॉक्टर बाळाला हलवू शकतो म्हणाले, तर तो पर्याय हाताशी असतो.

बाळ झाल्यावर त्याचं नाव पॉलिसीत घालण्याचा मेल एचआरला पाठवायचा आहे, त्यालाही मुदत असते. त्या धामधुमीत आईला ते सुचणार नाही. बहिणीच्या नवऱ्याने मेल आत्ताच लिहून ड्राफ्टमध्ये ठेवलाय, जन्मतारीख तेवढी भरायची बाकी आहे.