सागरी गर्ता भेग नव्हे, आणि तापी म्हणजे जपान नव्हे

जळगाव-धुळ्याकडच्या अनेक गटांत सध्या फिरत असलेला मजकूर असा आहे: "समुद्रातल्या गर्ता म्हणजे पृथ्वीचे कवच फाटून पडलेल्या भेगा. त्यांतून पाणी आत जाते, खालच्या लाव्ह्याला लागून वाफ होते आणि त्या दाबाने भूकंप होतो. 600 किमी खोलीवर भूकंप झाला ही शुद्ध थाप आहे, कारण तिथे सगळा रस आहे, रसाला तडा कसा जाईल? आपली तापीही अशीच भेग आहे, उनपदेवचे गरम पाणी हाच पुरावा. जपानसारखा भूकंप उद्या खानदेशात होणार."

सुरुवात मधल्या विधानापासून, म्हणजे खोलीपासून करतो, कारण भूकंपांची खोली एकदा नीट मांडली की बाकीच्या विधानांचे उत्तर बहुतेक तीच देते.

भूकंपाची खोली अंदाजाने ठरत नाही. भूकंप जिथे सुरू होतो त्या नाभीपासून निघणाऱ्या प्राथमिक लहरी वेगाने येतात आणि दुय्यम लहरी मागून येतात. या दोहोंमधले अंतर जितके जास्त सेकंदांचे, तितकी नाभी लहरी नोंदणाऱ्या केंद्रापासून दूर. समजा, नाभी एखाद्या केंद्राच्या बरोबर खाली 10 किमीवर आहे. तिथे दोन लहरींमध्ये एक-दीड सेकंदाचे अंतर पडेल, आणि 300 किमी दूरच्या केंद्रावर तेच अंतर पस्तीस-चाळीस सेकंदांचे असेल. आता तीच नाभी 400 किमी खोल आहे असे धरा. बरोबर वरच्या केंद्रावरही अंतर सुमारे 40 सेकंदांचे पडते, आणि 300 किमी दूरच्या केंद्रापासून नाभी तिरक्या रेषेत 500 किमीवर येत असल्यामुळे तिथे ते सुमारे 50 सेकंदांचे होते. म्हणजे उथळ भूकंपात शेजारचे आणि दूरचे केंद्र यांच्या नोंदींत मोठी तफावत असते, तर खोल भूकंपात सगळ्याच केंद्रांवर मोठे आणि जवळजवळ सारखे अंतर दिसते. जपानमधील कियो वादाती यांनी 1928 साली नेमक्या अशा नोंदींवरून खोल भूकंप खरोखर होतात हे दाखवून दिले. पुढे ह्यूगो बेनिऑफ यांनी पॅसिफिकच्या इतर कडांवर तेच काम वाढवले, म्हणून तिरक्या उतरत जाणाऱ्या या भूकंपपट्ट्याला आज वादाती-बेनिऑफ पट्टा म्हणतात.

आणखी एक स्वतंत्र पडताळा आहे. खोल नाभीपासून काही लहरी आधी वर जातात, भूपृष्ठावर आपटून परततात आणि मग दूरच्या केंद्रावर पोहोचतात. सरळ आलेल्या लहरीनंतर ही परतलेली लहर किती उशिराने आली हे मोजले की खोली मिळते. नाभी 600 किमी खोल असेल तर हा उशीर दोन मिनिटांच्या आसपास असतो. दोन मिनिटांची चूक कोणत्याही यंत्रावर सहज दिसते. ती कोणाला लपवताही येत नाही, कारण तीच लहर जगभरच्या शेकडो केंद्रांवर उमटलेली असते.

आता एक छेद काढून पाहू. जपानच्या ईशान्य भागात, साधारण 40 अंश उत्तर अक्षांशावर, जपान गर्ता 144 अंश पूर्व रेखांशाच्या थोडी पूर्वेला आहे. या अक्षांशावर एक अंश रेखांश म्हणजे सुमारे 85 किमी. अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षणाच्या `earthquake.usgs.gov/earthquakes/search` या पानावर 38 ते 44 अक्षांश आणि 129 ते 146 रेखांश अशी चौकट घातली, किमान तीव्रता 4.5 धरली आणि काही वर्षांची यादी उतरवून घेतली, तर तीत `longitude` आणि `depth` असे दोन रकाने मिळतात. ते आलेख-कागदावर मांडायचे, खोली खालच्या दिशेने. कागदावर जे दिसते ते असे: गर्तेपाशी भूकंप उथळ असतात. तिथून सुमारे 200 किमी पश्चिमेला किनारा येतो, आणि तिथे या पट्ट्यातील भूकंपांची खोली साधारण 50 किमी झालेली असते. इवाते ज्वालामुखीच्या आसपास, गर्तेपासून 280-300 किमीवर, ती 100 किमीच्या जवळ पोहोचते. पुढे जपानच्या समुद्राखालून हा पट्टा उतरतच जातो, आणि रशिया-चीन सीमेजवळ 28 जून 2002 रोजी झालेला 7.3 तीव्रतेचा भूकंप सुमारे 565 किमी खोलीवर सापडतो. गर्तेपासून तिथवरचे अंतर हजार-बाराशे किलोमीटर आहे. म्हणजे सुरुवातीला अगदी सौम्य असलेला उतार पुढे पंचवीस-तीस अंशांचा होतो. पट्ट्यासोबत जपानच्या भूमीखालचे काही वेगळे उथळ भूकंपही कागदावर येतील. ते वरच्या भूपट्टातले, म्हणजे कवचाच्या ज्या तुकड्यावर जपान आहे त्यातले आहेत आणि या तिरक्या रांगेत बसत नाहीत.

एवढी तिरकी रांग वाफेच्या स्फोटांनी तयार होत नाही. पॅसिफिक भूपट्ट वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर या वेगाने पश्चिमेकडे सरकत जपानखाली बुडतो आहे, आणि हे भूकंप त्या बुडत्या पट्टाच्या अंगात होत आहेत. ईशान्य जपानखाली तर 1970 च्या दशकात असे दिसून आले की ही रांग काही खोलीपर्यंत दुहेरी आहे: एकमेकींना समांतर, तीस-चाळीस किलोमीटर अंतराच्या दोन रांगा. वरच्या रांगेत खडक पट्टाच्या उताराच्या दिशेने दाबला जातो, खालच्या रांगेत तो त्याच दिशेने ताणला जातो. वाकलेला जाड पट्ट पुन्हा सरळ होऊ लागतो तेव्हा त्याच्या दोन अंगांना नेमके हेच व्हायला हवे.

खाली "सगळा रस" आहे ही समजूत इतकी पसरली आहे की तिच्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते. दुय्यम लहरी द्रवातून जाऊ शकत नाहीत, आणि तरीही त्या कवचाखालच्या प्रावरणातून सुमारे 2,900 किमी खोलीपर्यंत, म्हणजे बाह्य गाभ्याच्या सीमेपर्यंत, जातात. म्हणून प्रावरण घन आहे. तापलेले असले तरी प्रचंड दाबामुळे ते वितळत नाही, लाखो वर्षांत अतिशय संथपणे वाहते एवढेच. बुडणारा पट्ट मात्र भोवतालच्या प्रावरणापेक्षा कित्येक शे अंशांनी थंड असतो, कारण खडक उष्णता फार हळू आत घेतो आणि पट्ट त्यापेक्षा वेगाने उतरतो. या थंडपणाची साक्ष जपानी लोकांना अंगावर मिळते. खोल भूकंप जपानच्या समुद्राखाली झाला तरी अनेकदा धक्के जवळच्या पश्चिम किनाऱ्याऐवजी दूरच्या पूर्व किनाऱ्यावर जोरात जाणवतात, कारण थंड, घट्ट पट्टातून लहरी फारशा न विरता वर येतात आणि पश्चिमेकडच्या तप्त प्रावरणातून येताना विरून जातात.

मजकुराच्या लेखकाला पडलेला प्रश्न मात्र योग्य आहे: इतक्या दाबाखाली खडक तुटतो तरी कसा? सत्तर-ऐंशी किलोमीटरच्या खाली साधे घर्षणाने घसरणे अवघड होते, कारण दाब दोन्ही बाजूंना घट्ट आवळून धरतो. सुमारे 300 किमीपर्यंत खनिजांमध्ये बांधलेले पाणी सुटते आणि खडक कमजोर होतो, असे स्पष्टीकरण दिले जाते. त्याखाली, 400 किमीच्या पुढे, थंड पट्टात ऑलिव्हिन हे खनिज आपले रूप बदलायला उशीर करते आणि मग अचानक अधिक दाट रूपात जाते, त्यातून तडा पसरतो, असा एक विचार आहे. घसरण्याच्या उष्णतेनेच तडा वाढत जातो, असा दुसरा. यावर अजून एकमत नाही. पण 700 किमीच्या आसपास भूकंप थांबतात, ही गोष्ट या विचारांशी जुळते, कारण सुमारे 660 किमीवर प्रावरणातील खनिजांची रचना पुन्हा बदलते.

गर्तेचा मुद्दा यानंतर लवकर आटोपतो. गर्ता ही दोन पट्ट एकमेकांपासून दूर जाऊन पडलेली फट नाही. ते एकमेकांवर येत आहेत आणि एकाने खाली मान घातल्यामुळे समुद्रतळ तिथे खोलगट झाला आहे. जपान गर्तेत ही खोली सुमारे आठ किलोमीटर आहे. ताणाच्या चिरा तिथे असतात हे खरे, पण त्या गर्तेच्या समुद्राकडच्या अंगाला: केळीचा हिरवा दांडा वाकवला की वाकाच्या बाहेरच्या बाजूला साल चिरते, तसे वाकणाऱ्या पट्टाच्या पाठीवर होते. 1933 साली सानरिकू किनाऱ्यावर विनाशकारी सुनामी आणणारा भूकंप अशाच ताणाचा होता. या चिरांतून पाणी पट्टात मुरते, खनिजांत बांधले जाते आणि सुमारे 100 किमी खोलीवर सुटून वरच्या प्रावरणाचा वितळणबिंदू उतरवते. जपानचे ज्वालामुखी त्यातून आले आहेत. पाण्याचा संबंध आहे तो एवढाच. भूकंप वाफेने झाला असता तर सर्व दिशांच्या केंद्रांवर जमिनीची पहिली हालचाल बाहेर ढकलणारी नोंदली गेली असती. प्रत्यक्षात चार चतुर्थांशांपैकी समोरासमोरच्या दोहोंत ढकल आणि उरलेल्या दोहोंत ओढ नोंदली जाते, आणि हे दोन खडक एकमेकांवरून घसरल्याचे लक्षण आहे.

आता तापी. तापीच्या दोन्ही अंगांना, विशेषतः सातपुड्याच्या पायथ्याशी, जुने प्रस्तरभंग आहेत आणि खोऱ्यात गाळाचा जाड थर आहे. यात वाद नाही. पण हे सगळे भारतीय भूपट्टाच्या आत आहे. खानदेशाखाली कोणताही पट्ट बुडत नाही. बुडत असता तर दक्षिणेकडे किंवा उत्तरेकडे खोल होत जाणारी भूकंपांची रांग दिसली असती. 14 मार्च 1938 च्या सातपुडा भूकंपाची नाभी सुमारे 40 किमी खोल होती, आणि याच नर्मदा-सोन-तापी पट्ट्यातील 22 मे 1997 च्या जबलपूर भूकंपाची सुमारे 35 किमी. या खोल्या भूखंडाच्या कवचाच्या तळाशी आहेत, त्यापलीकडे रांग जात नाही. सर्वात जवळचे खरे बुडण्याचे क्षेत्र पाकिस्तान-इराणच्या मकरान किनाऱ्यापाशी, येथून हजाराहून अधिक किलोमीटरवर आहे, आणि तिथली गर्ता गाळाने इतकी भरली आहे की समुद्रतळावर ती जवळजवळ दिसतच नाही.

उनपदेवच्या पाण्याला शिलारस लागत नाही. पावसाचे पाणी भेगांतून खोल उतरते, तिथे खडक दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी अधिक गरम असतो, आणि वाट मिळेल तिथून ते पाणी फारसे न निवता वर येते.

जपानसारख्या भूकंपाची भीतीही इथे लागू होत नाही. 11 मार्च 2011 रोजी सुमारे 500 किमी लांब आणि 200 किमी रुंद पृष्ठभाग घसरला. एवढी रुंदी मिळाली ती पट्टांमधील संपर्क अत्यंत सौम्य उताराचा असल्यामुळे; सातपुड्यातील तीव्र उताराचे प्रस्तरभंग कवचाच्या सुमारे 40 किमी जाडीतच संपतात. सहा-साडेसहाचा भूकंप मात्र इथे होऊ शकतो, 1938 साली झालाही, आणि उथळ असला तर तो पुरेसा घातक असतो. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप 6.2 चा होता, नाभी सुमारे 10 किमी खोल होती आणि जवळजवळ दहा हजार माणसे गेली. 30 मे 2015 रोजी ओगासावारा बेटांजवळ 7.9 चा भूकंप सुमारे 670 किमी खोल झाला, जपानच्या सर्व 47 प्रांतांत जाणवला, आणि त्यात कोणी दगावले नाही.

यादीतील खोली वाचताना एक गोष्ट पाहावी. लहान भूकंपासाठी जवळ पुरेशी केंद्रे नसतील तर गणित करणारे खोली 10 किमी अशी धरूनच चालतात. पूर्वी 33 किमी धरत असत. सातपुड्यातील एखाद्या हलक्या धक्क्यापुढे नेमके 10 लिहिलेले असेल आणि खोलीच्या त्रुटीचा आकडा मोठा किंवा गैरहजर असेल, तर ती मोजलेली नसून धरलेली खोली असण्याचा संभव अधिक.