एकाच बाजूची आग आणि फोड: नागिणीविषयीच्या एका संदेशाला उत्तर

"गुप्तांगावर फोड आले म्हणजे तो बाहेरचाच आजार. नागीण फक्त कमरेला किंवा छातीला होते. तिला गेरूचा लेप लावावा. गोळ्यांनी ती आत दबते, आणि तिची दोन टोके जुळली की माणूस दगावतो."

कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू मणक्यालगतच्या मज्जागाठींत दबून राहतो आणि वय वाढल्यावर किंवा प्रतिकारशक्ती घटल्यावर एखाद्या नसेतून त्वचेकडे उतरतो. कमरेखालच्या त्रिकास्थीतून निघणाऱ्या नसा कुल्ला, गुदद्वाराचा परिसर आणि जननेंद्रिय यांना जातात, म्हणून नागीण तेथेही होते. नस एकाच बाजूची असल्यामुळे फोड मध्यरेषेपाशी थांबतात; टोके जुळण्याची भीती त्यामुळेच निराधार आहे.

नागपुरातील माझ्या दवाखान्यात महाल भागातून आलेल्या साठीतल्या एका काकूंना रविवारी रात्री डाव्या कुल्ल्यात मिरची चोळल्यासारखी आग सुरू झाली, लुगड्याचा स्पर्शही सहन होईना, आणि कोणीतरी ते मणक्याचे दुखणे ठरवले. बुधवारी सकाळी कुल्ल्यावर आणि योनिमुखाच्या डाव्या ओठावर लालसर त्वचेवर पाणीदार फोडांचे झुपके उठले. लाजेने त्यांनी तो दिवस गेरू लावून काढला. गुरुवारी संध्याकाळी मी तपासले तेव्हा लेप धुतल्याशिवाय फोड दिसतही नव्हते. फोड उठल्यापासून 72 तासांच्या आत औषध सुरू व्हावे, असा आमचा प्रयत्न असतो, आणि काकूंचे जेमतेम 36 तास झाले होते. हे तास वेदनेपासून नव्हे, फोडांपासून मोजायचे असतात. मुदत उलटली तरी नवे फोड येत असतील किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर औषध द्यावेच लागते.

गोळ्या आजार आत दाबत नाहीत, विषाणूची वाढ रोखतात. त्यामुळे नवे फोड लवकर थांबतात आणि सुरुवातीची वेदना कमी दिवस टिकते. नंतर महिनोन्महिने राहणारी नसेची आग त्या हमखास टाळतील, असे मात्र मी सांगणार नाही. काकूंना असायक्लोव्हिर 800 मिलिग्रॅम दिवसातून पाच वेळा, सात दिवस दिले. मूत्रपिंड कमजोर असते, तर मात्रा घटवावी लागली असती. येथे एक चूक वारंवार होते: जागा पाहून ती जननेंद्रियाची हर्पीस, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा वेगळ्या विषाणूचा आजार, समजली जाते आणि त्याच औषधाची कमी मात्रा दिली जाते, जी नागिणीला पुरत नाही. नुसते मलम तर अजिबात पुरत नाही.

लैंगिक आजाराची शंका मात्र सरसकट खोडून काढता येत नाही, कारण हर्पीसही कधीकधी एकाच बाजूला उठते. त्याच जागी पुन्हा पुन्हा फोड येत असतील, तर ताज्या फोडाच्या तळाचा नमुना पीसीआर तपासणीला पाठवावा. पण निकालासाठी गोळ्या थांबवू नयेत, आणि निकालाआधी कोणाच्या चारित्र्यावर बोट ठेवू नये.

शुक्रवारी काकूंची लघवी अडली. याच नसा मूत्राशयाकडेही जात असल्याने या जागेच्या नागिणीत असे होऊ शकते, म्हणून मी आधीच विचारून, बजावून ठेवले होते. त्या त्याच रात्री आल्या, नळी घातली, आणि दोन आठवड्यांनी लघवी आपोआप होऊ लागली.